सहा पावत्या आणि पेन्सिलीचे आकडे: पुण्यातील शाखाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहरातील सहकारी व इतर बँकांचे शाखाधिकारी आणि ठेव विभागातील सर्व कर्मचारी यांस,

सप्रेम नमस्कार.

माझे वडील एप्रिल २०२४ मध्ये गेले. त्यानंतरच्या पावणेदोन वर्षांत मी आणि माझी आई आपल्यापैकी तीन बँकांच्या ठेव खिडकीसमोर अनेकदा उभ्या राहिलो. त्या खिडकीवर आम्हाला मिळालेला एक सल्ला, जो बहुधा शहरातल्या बऱ्याच विधवांना मिळत असेल, आमच्या घरात जवळजवळ अमलात आला होता. तो आला असता तर बाबांनी वर्षानुवर्षे नेटाने बांधलेली व्यवस्था एका सहीने मोडली असती. ती व्यवस्था काय होती आणि ती मला कशी उलगडली, हे आपल्यासमोर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. त्यात कोणत्याही बँकेचे नाव घेतलेले नाही, कारण तक्रार करण्याचा हेतू नाही.

सुरुवात माझ्या विवरणपत्रापासून झाली. जुलै २०२४ मध्ये आयकराचे विवरणपत्र भरताना माझ्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, कर्वे रस्त्यावरच्या एका बँकेकडून अठरा हजारांच्या आसपास व्याज मिळाल्याची नोंद दिसली. त्या बँकेत माझे खातेच नव्हते. आधी वाटले, पॅन चुकला असेल. मग आठवले, की आदल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका रविवारी बाबांनी जेवणानंतर दोन-तीन फॉर्म पुढे सरकवून, 'इथे आणि इथे सही कर, आधारची झेरॉक्सही लागेल,' असे म्हटले होते आणि मी मोबाइलवर बोलत बोलत सह्या केल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी आईच्या घरी जाऊन कागद शोधायला घेतले. बाबा टापटिपीचे होते, पण त्यांचे कागद एका जागी नव्हते. दोन पावत्या लोखंडी कपाटात वीजबिलांच्या फाइलमध्ये होत्या, एक देवघराच्या खणात, दोन पोस्टाच्या पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या वेष्टणात आणि एक, सर्वांत जुनी, सायकलच्या पंक्चरच्या सामानाच्या डब्यात चौघडी करून ठेवलेली. आईला एवढेच ठाऊक होते, की 'दर सहा महिन्यांनी ते बँकेत जायचे आणि येताना चितळ्यांकडून काहीतरी आणायचे.'

सर्व पावत्या जेवणाच्या टेबलावर मांडल्यावर पहिल्यांदा जे वाटले ते प्रामाणिकपणे सांगते. मला वाटले, बाबांचा पसारा झाला होता. तीन बँका, प्रत्येक बँकेत दोन पावत्या, चार पावत्या ४,००,००० च्या तर दोन ३,९०,००० च्या. नावांचाही घोळ दिसत होता. काहींवर बाबा आधी आणि आई नंतर, काहींवर आई आधी आणि बाबा नंतर. कर्वे रस्त्यावरच्या बँकेच्या दोन पावत्यांवर तर बाबांचे नावच नव्हते. एकीवर मी आणि आई, दुसरीवर आई आणि मी. प्रत्येक पावतीच्या मागे उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन आकडे लिहिलेले होते: १-२, २-१, २-३, ३-२. मी ते तारखा समजून बराच वेळ जुळवत बसले.

उलगडा पोस्टामुळे झाला. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्यांनी जुलै २०२३ मध्ये सहा लाख रुपये एकरकमी ठेवलेले होते, आई सहखातेदार. दर तिमाहीला ८.२ टक्क्यांनी १२,३०० रुपये व्याज येत होते. बँकांतले पैसे चार लाखांच्या आत तुकडे करून ठेवणारा माणूस पोस्टात मात्र सहा लाख एकदम ठेवतो, याला काहीतरी कारण असणार. पोस्टाच्या पैशाला सरकारची हमी असते, तिथे तुकडे करण्याची गरज नसते. म्हणजे बँकांतले तुकडे हे बँक बुडण्याच्या भीतीतून केलेले होते.

ही भीती कुठून आली तेही त्याच फाइलमध्ये सापडले. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत राज्यातल्या अनेक छोट्या सहकारी बँका बंद पडल्या, त्यांत पेठेतली एक बँक होती. बाबांचे त्या बँकेच्या दोन शाखांत मिळून १,७०,००० रुपये होते, दोन्हीकडे त्यांच्या एकट्याच्या नावाने. दोन शाखा म्हणजे दोन वेगळ्या ठेवी, असा त्यांचा समज होता. अवसायकाच्या कार्यालयाकडून आलेल्या पत्रात स्पष्ट लिहिले होते, की एका बँकेच्या सर्व शाखांतील, एकाच नावाच्या, बचत, चालू, आवर्ती आणि मुदत अशा सर्व ठेवी एकत्र धरल्या जातील आणि विम्याची रक्कम एक लाखाच्या मर्यादेतच मिळेल. एक लाख मिळाले. उरलेल्या सत्तर हजारांबद्दल फाइलमध्ये पुढे एकही कागद नाही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि घरात यातले काही बोलले गेल्याचे मला आठवत नाही.

आपणां सर्वांना ठेव विम्याचे नियम माहीत आहेत, तरी ज्यांच्यासाठी मी हे पत्र खुले ठेवले आहे त्या वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहिते. ठेव विमा आणि पतहमी महामंडळाची मर्यादा १९९३ पासून एक लाख होती आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून आहे. मुद्दल पाच लाख आणि वर व्याज सुरक्षित, असे बहुतेक जण धरून चालतात, पण तसे नाही. दुसरे असे, की मर्यादा प्रत्येक बँकेसाठी वेगळी असते आणि एकाच बँकेतही ठेव कोणत्या नात्याने ठेवली आहे त्यावर ती ठरते. एकट्याच्या नावाची ठेव वेगळी, संयुक्त नावाची वेगळी, आणि संयुक्त ठेवींत नावांचा क्रम बदलला तर तीही वेगळी धरली जाते.

बाबांनी पेन्सिलीने लिहिले होते ते हेच. एक म्हणजे स्वतः, दोन म्हणजे आई, तीन म्हणजे मी.

हे लक्षात आल्यावर रकमांचे कोडेही सुटले. चार लाख रुपये ७ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, तीन वर्षांसाठी ठेवले तर मुदतीअखेर ४,९२,५७६ रुपये होतात. पाच लाखांच्या आत. त्याऐवजी ४,१०,००० ठेवले असते तर शेवटच्या काही महिन्यांत ते पाच लाखांच्या वर गेले असते. ज्या दोन पावत्यांवर व्याजदर ८ टक्के होता त्या ३,९०,००० च्या होत्या, कारण त्या दराने चार लाखांचे पाच लाख सात हजार झाले असते आणि ३,९०,००० चे ४,९४,६१४ होतात. पंक्चरच्या डब्यात या सहांखेरीज मुदत केव्हाच संपलेली आणखी एक पावती होती, ७८,००० ची. २०२० च्या आधीच्या एक लाखाच्या मर्यादेत, ८ टक्क्यांनी तीन वर्षांत तिचे ९८,९२३ झाले होते. विचित्र वाटणारा प्रत्येक आकडा मुदतीच्या शेवटापासून उलटा मोजून काढलेला होता.

पतसंस्थेची एक रद्द झालेली पावतीही मिळाली. तिथे व्याज बँकेपेक्षा दीड टक्का जास्त होते, पण मागे बाबांनी फक्त 'विमा नाही' असे लिहून ती मुदतीआधी मोडलेली होती. पतसंस्थांच्या ठेवींना हे विमा संरक्षण लागू नाही, हे त्यांना उशिरा कळले असावे.

आता तारखांकडे येते, कारण बाबांचा खरा हिशेब तारखांत होता. भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिका ते फेकत नसत. मागच्या बाजूला दुधाचा हिशेब असे म्हणून त्या राहतात, असे आम्ही समजत होतो. २०२० पासूनच्या दिनदर्शिका काढून ऑगस्ट आणि फेब्रुवारीची पाने पाहिली, तर प्रत्येक पानावर एकेका तारखेला तीच पेन्सिलीची खूण होती. पाच लाखांची मर्यादा झाल्यावर त्यांनी जुन्या लहान पावत्या मुदत संपेल तशा गोळा केल्या आणि ऑगस्ट २०२० पासून दर सहा महिन्यांनी एक, अशा सहा मोठ्या पावत्या केल्या. प्रत्येकीची मुदत तीन वर्षे. त्यामुळे ऑगस्ट २०२३ पासून दर सहा महिन्यांनी एक पावती सुटणार, तिचे मुद्दल पुन्हा गुंतवायचे आणि नव्वद हजार ते एक लाखाच्या आसपासचे व्याज घरखर्चाच्या बचत खात्यात टाकायचे. ९२,५७६ भागिले सहा म्हणजे महिन्याला १५,४२९ रुपये. त्यात पोस्टाचे महिन्याला ४,१०० मिळवले, की स्वतःच्या घरात राहणाऱ्या आईचा महिना निघतो. दिनदर्शिकेच्या एका पानावर ही बेरीज केलेली आहे, आणि तिच्याखाली आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची किंमत.

आता त्या दोन पावत्या, ज्यांवर बाबांचे नाव नव्हते. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांच्या आजाराचे निदान झाले. त्यानंतर ऑगस्टमध्ये सुटलेली पहिली पावती त्यांनी १-२ अशी पुन्हा केली नाही. ती ३-२ केली, माझे नाव आधी, आईचे नंतर. फेब्रुवारी २०२४ ची दुसरी २-३ केली. आपण गेल्यावर दोन्ही पावत्या आईच्या एकटीच्या नावावर जातील, त्या मग एकाच नात्याच्या ठरतील आणि एका बँकेतल्या आठ लाखांपैकी पाचच सुरक्षित राहतील, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून ते एकेक पावती सुटेल तसे स्वतःचे नाव काढून माझे घालत निघाले होते. सहापैकी दोन झाल्या. चार राहिल्या.

याच चार पावत्यांच्या निमित्ताने माझी आपल्याशी गाठ पडली.

हा उलगडा होण्याच्या आधी, जून २०२४ मध्ये, आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे लागणार होते. ऑगस्टमध्ये सुटणारी लक्ष्मी रस्त्यावरच्या बँकेतली पावती तेवढी तिला ठाऊक होती. ती मुदतीआधी मोडावी म्हणून आम्ही गेलो. पावतीवर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' असे लिहिलेले असल्याने आईच्या सहीवर काम होईल, असे आम्हाला वाटले. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी नम्रपणे सांगितले, की तो पर्याय मुदत पूर्ण झाल्यावर चालतो. एक धारक गेल्यानंतर मुदतीआधी मोडायची तर इतर वारसांच्याही सह्या लागतील, कारण ठेव उघडताना दोघांनी तशी वेगळी संमती दिलेली नव्हती. माझा भाऊ परदेशात आहे. नियम त्यांच्या बाजूने होता, मी वाद घातला नाही. दोन महिने थांबून ऑगस्टमध्ये पावती सुटल्यावर शस्त्रक्रिया केली. पैशांसाठी कधीच सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबावे लागू नये, अशीच त्यांची मांडणी होती हे नंतर कळले. पण ती संमती, जिची तरतूद ठेव उघडण्याच्या फॉर्ममध्येच करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे, बाबांसारख्या माणसाकडूनही राहून गेली होती. कुणी विचारले असते तर त्यांनी ती दिली असती. माझी पहिली विनंती हीच, की संयुक्त ठेव घेताना हा एक प्रश्न तोंडी विचारावा. छापील फॉर्मच्या चौथ्या पानावरचा चौकोन सत्तरीच्या माणसाच्या नजरेतून सुटतो.

दुसरी गोष्ट ऑगस्टमधली. पावती सुटल्यावर त्याच शाखेतल्या एका भल्या अधिकाऱ्यांनी, आईला बसायला खुर्ची देऊन आणि पाणी मागवून, सांगितले, 'ताई, आता या वयात आईंना तीन-तीन ठिकाणी कशाला हेलपाटे? सगळे इथे आणा, आईंच्या एकटीच्या नावाने एकच मोठी पावती करू. वर पाव टक्का जास्त मिळवून देतो.' फॉर्म भरलेला होता. तोवर मला पेन्सिलीच्या खुणा समजल्या होत्या, पण त्या माणसाच्या आपुलकीमुळे मीही क्षणभर विचारात पडले. आई म्हणाली, 'त्यांनी तीन ठिकाणी ठेवलंय ना, मग तीनच ठिकाणी राहू दे.' तिला नियम माहीत नव्हता. तिला माणूस माहीत होता.

त्या पाव टक्क्याचा हिशेब मी घरी येऊन केला. तेवीस लाख ऐंशी हजारांवर पाव टक्का म्हणजे वर्षाला ५,९५० रुपये. त्या बदल्यात एका बँकेत, एका नावावर, विम्याच्या बाहेर जवळजवळ एकोणीस लाख राहिले असते. अधिकाऱ्यांनी फसवले असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांनी सोय पाहिली. पण त्या टेबलावर मर्यादेचा उल्लेखही झाला नाही. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची सोय झाली आहे, हे चांगलेच आहे, पण ती रक्कम मर्यादेपुरतीच असते. मृत ठेवीदाराच्या पावत्या एकत्र करण्याचा सल्ला देण्याआधी, 'या वेगवेगळ्या का ठेवल्या होत्या हे तुम्हाला ठाऊक आहे का?' एवढे विचारावे, ही माझी दुसरी आणि मुख्य विनंती.

या व्यवस्थेची एक कच्ची बाजूही मला दिसली आणि ती लपवणे बरोबर नाही. ३-२ या पावतीवर पहिले नाव माझे असल्याने व्याज माझ्या पॅनवर नोंदले जाते, पैसे मात्र आईचे आहेत. एआयएसवर 'ही माहिती दुसऱ्या पॅनशी संबंधित आहे' असा अभिप्राय मी नोंदवला, व्याज आईच्या उत्पन्नात दाखवले, आणि पैशांचा मालक कोण हे आम्ही तिघांनी, म्हणजे आई, भाऊ आणि मी, एका कागदावर लिहून सह्या केल्या. पहिले नाव असणे आणि मालकी असणे यांत फरक आहे. ज्या घरात भावंडांचा एकमेकांवर विश्वास नाही तिथे नावांच्या क्रमाचा हा मार्ग भांडणाचे कारण ठरू शकतो, आणि आपण ठेवीदाराला तो सुचवत असाल तर हेही सांगायला हवे.

उरलेल्या चार पावत्या आम्ही बाबांच्याच तारखांना बदलल्या. लक्ष्मी रस्त्यावरची ऑगस्ट २०२४ मध्ये २-३ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ३-२, टिळक रस्त्यावरची ऑगस्ट २०२५ मध्ये २-३ आणि शेवटची या फेब्रुवारीत ३-२. प्रत्येक वेळी आईने हयात धारक म्हणून रक्कम बचत खात्यात घेतली, आम्ही नवी ठेव केली, मुदतीआधी मोडण्याची संमती दोघींनी सही करून दिली आणि वारसनोंदणीत भावाचे नाव घातले. शेवटच्या पावतीच्या मागे पेन्सिलीने आकडे मी लिहिले. आईने कोपरा तपासला आणि म्हणाली, 'ते जरा लहान काढायचे.'

कर्वे रस्त्यावरच्या बँकेतली ३-२ ही पावती येत्या ऑगस्टमध्ये सुटते. आई आणि मी सकाळी अकराच्या सुमारास खिडकीवर येऊ. मुद्दल त्याच क्रमाने, त्या दिवशीचा दर पाहून, मुदतीअखेर पाच लाखांच्या आत राहील एवढेच पुन्हा ठेवायचे आहे आणि व्याज आईच्या बचत खात्यात वळते करायचे आहे. कृपया तेवढेच करावे.

आपली विश्वासू,
एका ठेवीदाराची मुलगी
कोथरूड, पुणे